आठ जाती, आठ कडवी : सहावीच्या व्याकरणासाठी केलेल्या पद्यांच्या नोंदी

९ जून

काम ठरलं. शब्दांच्या आठ जाती, प्रत्येकीला एक कडवं, चार ओळींचं. सहावीच्या मुलांना तोंडपाठ व्हायला हवं आणि वाक्य समोर आल्यावर वापरताही यायला हवं. दुसरी अट पहिलीपेक्षा जड आहे. व्याख्या यमकात बसवणं फार अवघड नसतं. ‘नामाबद्दल येतो तो शब्द सर्वनाम’ हे कुठल्याही चालीत कोंबता येईल. पण मुलांना व्याख्या येत असते आणि तरीही वाक्यातला शब्द ओळखता येत नाही, कारण नेमकं काय करून पाहायचं हे व्याख्या सांगत नाही.

म्हणून स्वतःपुरता एक नियम केला: प्रत्येक कडव्यात एक कृती हवी. काय विचारायचं, काय काढून टाकायचं, कशात बदल होतो ते पाहायचं. व्याख्या पाठ्यपुस्तकात आहेच, ती तिथे राहू दे.

आणखी एक: कडव्यातली उदाहरणं भरतीची नसावीत. चार शब्द दिले तर त्या चारांनी चार वेगळ्या गोष्टी दाखवाव्यात.

११ जून

छंद अष्टाक्षरी घेतला. चरणात आठ अक्षरं, चार चरण, दुसऱ्या-चौथ्याला यमक. ओवी जास्त मोकळी आहे, पण या मोकळेपणामुळेच पाठांतरात शब्द इकडचे तिकडे होतात. अष्टाक्षरीत एक अक्षर गळलं तर लगेच टोचतं.

मोजण्याचा गोंधळ आधीच मिटवून ठेवतो. जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर: ‘वाक्य’ दोन, ‘शब्दयोगी’ चार. बोलताना आपण ‘घर’चा शेवटचा अ गिळतो, छंदात मात्र तो मोजायचा आणि म्हणतानाही थोडा लांबवायचा. मुलांना टाळ्या वाजवून मोजायला सांगितलं तर ‘घर’ला एकच टाळी पडते, म्हणून मोजणी आधी लिहून करायची.

चौथ्या अक्षरावर शब्द संपला की ओळ आपोआप डोलते. शक्य तिथे चार-चार पाळायचं. अडचण जातींच्या नावांचीच आहे. ‘क्रियाविशेषण’ आणि ‘केवलप्रयोगी’ सहा अक्षरांची, ‘उभयान्वयी’ पाच. चरणात यांना बसवल्यावर वर जागा उरते दोन-तीन अक्षरांची, आणि यमकही तेवढ्यातच साधायचं. थोडक्यात, या तिघांच्या बाबतीत शेवटची ओळ आधी लिहून मग वर जायचं.

१४ जून

नाम आणि सर्वनाम झाले.

> दिसो किंवा न दिसो जे,
> त्याचे नाव विचारावे;
> गाव, गंगा, गोडी, गर्दी —
> त्यांना नाम समजावे.

तिसरी ओळ ग-ग-ग-ग आहे म्हणून पाठ होते, पण ती निवडली वेगळ्या कारणासाठी. गाव सामान्यनाम, गंगा विशेषनाम, गोडी भाववाचक, गर्दी समूहाचं नाव. ‘दिसो किंवा न दिसो’ हे गोडीसाठी आहे. मुलं नाम म्हणजे वस्तू आणि माणसं एवढंच धरतात आणि भाववाचक नाम हमखास सोडतात.

सर्वनामाचं कडवं मनासारखं जमलं:

> नाम पुन्हापुन्हा नको,
> बदलीला येई कोण?
> मी नि तू, तो, हा, जो, काय,
> आपण नि स्वतः, कोण!

मराठीतली मूळ सर्वनामं ९ मानतात. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. नऊच्या नऊ शेवटच्या दोन ओळींत आली. यमक ‘कोण’ला ‘कोण’चंच आहे. एरवी हे आळशीपणाचं वाटलं असतं, पण पहिला ‘कोण’ प्रश्न विचारतो आणि दुसरा त्याच प्रश्नाच्या उत्तरातल्या यादीत जाऊन बसतो. मुलांना ही गंमत आधी सांगायची नाही.

१८ जून

विशेषण:

> नामालाच प्रश्न करा
> कसा, किती नि कोणता;
> विशेषण ते उत्तर —
> उंच, दहा, आवडता.

प्रश्नांचा क्रम आणि उत्तरांचा क्रम एकच ठेवला आहे. कसा, तर उंच. किती, तर दहा. कोणता, तर आवडता. ‘नामालाच’मधला ‘च’ महत्त्वाचा, कारण हेच प्रश्न पुढे क्रियेलाही विचारायचे आहेत.

या कडव्याला एक मर्यादा आहे. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ला पुढे नाम नाही आणि विभक्तीचा प्रत्यय त्यालाच लागला आहे. तिथे तो नामाचं काम करतो. प्रश्न विचारायला नामच नसेल तर कडव्याची कृती सुरूच होत नाही, आणि तसं झालं की थांबायचं, एवढं वर्गात तोंडी सांगता येईल.

क्रियापदासाठी ‘क्रिया दाखवतो तो शब्द’ हे वळण मुद्दाम टाळलं. ‘धावणारा’ क्रिया दाखवतो, ‘धावताना’ दाखवतो, ‘धावणे’ही दाखवतो. यांतलं एकही क्रियापद नाही. फरक फक्त वाक्य पुरं होण्याचा आहे, म्हणून तोच पकडला.

> धावणारा, धावताना,
> वाक्य राहते अपुरे;
> धावतो हे क्रियापद,
> वाक्य होते तेथे पुरे.

दुसऱ्या ओळीत चार-चार मोडतं, ‘राहते’ मधोमध तुटतो. बाकीच्या तिन्ही ओळी सरळ जातात आणि नेमकी ‘अपुरे’ म्हणणारी अडखळते. ही ओळ बदलणार नाही.

‘ही माझी वही’ हे वाक्य कुणीतरी आणणारच. तिथे ‘आहे’ अध्याहृत असतं, म्हणून वाक्य क्रियापदावाचून पुरं भासतं. हे कडव्यात घालायचं नाही. चार ओळींत अपवाद घुसला की मूळ गोष्ट राहत नाही.

२३ जून

आता खरं अवघड काम. शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण अव्यय. गोंधळ होतो तो इथेच, आणि त्याला कारण आहे: दोन्हीकडे शब्द तेच असतात. वर, खाली, पुढे, मागे, आत, बाहेर, समोर, आधी, नंतर. यादी पाठ करून जात ठरत नाही.

पाठांतराला यादी किती सोपी जाते ते पाहावं म्हणून एक खर्डा यादीचाच केला:

> वर, खाली, पुढे, मागे,
> आत, बाहेर, समोर,
> शब्दयोगी म्हणा यांना,
> पाठ करा, लावा जोर.

चालीवर छान बसतो, एका दमात पाठ होतो, आणि निम्म्या वाक्यांत चुकीचं उत्तर देतो. ‘चेंडू वर गेला’ यातला ‘वर’ शब्दयोगी नाही, क्रियाविशेषण आहे. ‘चेंडू कपाटावर गेला’ यातला शब्दयोगी आहे. ‘मुलं बाहेर थांबली’ आणि ‘मुलं वर्गाबाहेर थांबली’ यांचंही तसंच. जो मुलगा हे कडवं मन लावून पाठ करेल तो जास्त चुकेल. खर्डा बाद.

मग कृती कोणती द्यायची? ‘जोडून लिहिलंय का ते पाहा’ ही सोपी वाटते, कारण शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहायचं असतं. पण मुलं स्वतः लिहिताना ‘झाडा खाली’ असं तोडून लिहितात, पाट्यांवरही तसंच वाचतात. जे लिहायला शिकवायचं आहे त्याच्याच आधारावर ओळखायला सांगणं उलटं होईल.

पक्की खूण मागच्या शब्दात आहे. शब्दयोगी लागण्याआधी नाम आपलं रूप बदलतं. घर-घरा, झाड-झाडा, घोडा-घोड्या. सामान्यरूप. ‘घरवर’ कोणी म्हणत नाही. सर्वनामातही दिसतं, ‘माझा’चं ‘माझ्या’ होतं आणि मग ‘माझ्याजवळ’. मराठी मूल हे बोलायला लागल्यापासून बिनचूक करतं, त्याला फक्त तिकडे बघायला सांगायचं आहे.

२४ जून

> घर होते घरा आधी,
> मग जोडू वर, पाशी;
> शब्दयोगी नामाविना
> एकटाच नि उपाशी.

‘वर’ आणि ‘पाशी’ ही जोडी विचार करून घेतली. ‘वर’ एकटाही येतो आणि जोडूनही. ‘पाशी’ला एकटं राहताच येत नाही, ‘तो पाशी गेला’ असं वाक्यच नाही. दोन्ही तऱ्हा एका ओळीत आल्या. तिसऱ्या ओळीतलं ‘नामाविना’ हे स्वतःच उदाहरण आहे: नाम-नामा, मग ‘विना’. हे मुलांनी शोधून काढायचं.

दुपारी सहावीच्या बाईंना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं नाही, चालीवर म्हटलं, आणि पहिल्याच ओळीला थांबल्या.

“सर, ‘घरा आधी’ म्हणताना ‘घराआधी’ ऐकू येतंय.”

खरंच येतं. कागदावर दोन शब्द आहेत, कानाला एकच लागतो, आणि तो चक्क शब्दयोगी जोडलेला शब्द आहे. ओळीचा अर्थच वेगळा होतो, घराच्या आधी काहीतरी होतं असा. शब्दांची फिरवाफिरव केली:

> आधी घर होते घरा,
> मग जोडू वर, पाशी;
> शब्दयोगी नामाविना
> एकटाच नि उपाशी.

अक्षरं तेवढीच, ‘आधी’ आणि ‘मग’ आता दोन्ही ओळींच्या तोंडाशी आले, आणि ‘आधी’ एकटा उभा आहे म्हणजे इथे तो क्रियाविशेषण. इथून पुढे प्रत्येक कडवं आधी कानाने तपासायचं, डोळ्यांनी नंतर.

२८ जून

बाईंच्या वर्गात शब्दयोगीचं कडवं म्हणून घेतलं आणि फळ्यावर वाक्यांच्या जोड्या दिल्या. चेंडू, कपाट, वर्ग, झाड यांवर कोणी अडलं नाही. अडले ते ‘होडी नदीपाशी थांबली’ इथे. नदी-नदी. बदल कुठे आहे?

हे येणार याची कल्पना होती, म्हणूनच कडव्यात नदी न घेता घर घेतलं होतं. ईकारान्त स्त्रीलिंगी नामांचं एकवचनी सामान्यरूप बहुधा मूळ रूपासारखंच दिसतं. बदल डोळ्यांना दिसावा म्हणून उपाय एकच, अनेकवचन करून पाहायचं. नदीपाशी, नद्यांपाशी. ‘नद्या’वर अनुस्वार चढला, म्हणजे सामान्यरूप झालं. एका मुलीने लगेच ‘वहीवर, वह्यांवर’ असं करून दाखवलं. हा उपाय कडव्याखाली एका ओळीत छापायचा, पद्यात नाही.

मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, “सर, उपाशी म्हणजे उ आणि पाशी का?” वर्ग हसला, पण प्रश्न कडव्याच्या कृतीनेच सुटतो. ‘उ’ हे नाम आहे का? त्याचं रूप बदललं का? नाही. मग तो आख्खा एक शब्द. यमकासाठी आणलेला शब्द असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मर्यादा लिहून ठेवतो, शिक्षकांच्या प्रतीसाठी. च, ही, सुद्धा, देखील, मात्र हीसुद्धा शब्दयोगी अव्ययंच गणली जातात, पण ती लागताना सामान्यरूप होत नाही. ‘मुलगासुद्धा’ म्हणतो, ‘मुलग्यासुद्धा’ नाही. यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. आमचं कडवं यांना लागू पडत नाही. सहावीला हा गट आत्ता पुढे करायचा नाही, पण कुणी ‘मीसुद्धा’ विचारलं तर शिक्षक निरुत्तर होऊ नये.

१ जुलै

क्रियाविशेषण. शब्दयोगीच्या शेजारी उभं करायचं म्हणून त्याच्यानंतर लिहिलं, छापताना आधी येईल.

> कधी, कुठे, कसे, किती,
> क्रियेलाच विचारा रे;
> काल, इथे, हळू, फार —
> क्रियाविशेषण सारे.

चार प्रश्न, चार उत्तरं, क्रम तोच. शेवटची ओळ नावामुळे चार-चार तुटत नाही. बाईंचं म्हणणं, तिथे मध्ये थांबायचंच नाही, एका श्वासात म्हणायचं. करून पाहिलं, जमतं.

‘अव्यय’ म्हणजे न बदलणारा, हे कडव्यात घालावं असं एका मित्राने सुचवलं. घातलं नाही, कारण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’. इथे चांगला-चांगली बदलतात आणि तरी क्रियेबद्दल सांगतात. व्याकरणात यांना सव्यय क्रियाविशेषणं म्हणतात. बदलतो म्हणून विशेषण असं मुलांनी ठरवलं तर चुकेल. प्रश्न कुणाला विचारला ते पाहायचं: चांगला तो, की चांगलं त्याचं गाणं? ‘क्रियेलाच’ला लावलेला ‘च’ इथे उपयोगी पडतो.

३ जुलै

उरलेली दोन भरभर झाली.

> दोन वाक्ये, दोन शब्द,
> मध्ये कोणीतरी हवा;
> आणि, किंवा, पण, तर —
> उभयान्वयी हा दुवा.

‘जर’ घेतला नाही, कारण तो मध्ये येत नाही, वाक्याच्या तोंडाशी येतो. ‘तर’ मध्ये येतो. बाकी या जातीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, मुलं इथे क्वचितच चुकतात.

> काढा त्याला वाक्यातून,
> वाक्य तरी राही नीट;
> अबब! छी! अहा! अरे! —
> केवलप्रयोगी धीट.

ही कृती एकट्याने पुरी पडत नाही. ‘उंच मुलगा आला’मधून ‘उंच’ काढलं तरी वाक्य नीटच राहतं. म्हणून हे कडवं सगळ्यात शेवटी. आधीच्या प्रश्नांपैकी एकालाही जो शब्द उत्तर देत नाही त्याच्यावरच ते चालवायचं. ‘उंच’ला आपण ‘कसा?’ विचारून आधीच जागा दिलेली असते. ‘अबब’ला कसलाच प्रश्न लागत नाही.

आठ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हे जाता जाता. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे गट चारच आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपली आठांची वाटणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर बसली. मुलांना हे सांगायचं नाही, पण सीमेवरचे शब्द का त्रास देतात ते शिक्षकाला कळायला मदत होते.

८ जुलै

आठही कडवी एकत्र चालवून पाहण्यासाठी एकच वाक्य तयार केलं, आठही जाती असलेलं:

‘अरे, मनू काल उंच झाडावर चढला, पण तो खाली उतरताना घाबरला.’

वर्गाने ते असं सोडवलं. मनू, झाड ही नामं, पटकन. ‘तो’ मनूच्या बदलीला. झाड कसं, तर उंच. ‘झाडावर’ला पहिला वेळ लागला. झाड-झाडा, मग वर, म्हणून वर शब्दयोगी. ‘खाली’ मात्र एकटा, त्याच्या मागे ‘तो’ आहे आणि त्याचं ‘त्या’ किंवा ‘त्याच्या’ झालेलं नाही. कुठे उतरताना, तर खाली. क्रियाविशेषण. ज्या मुलांनी पूर्वी वर-खाली दोन्ही एकाच डब्यात टाकले असते ती इथे वेगळी करत होती, आणि कारण सांगत होती.

खरी चर्चा ‘उतरताना’वर झाली. निम्मा वर्ग म्हणाला क्रियापद. बाईंनी काही न सांगता ‘धावणारा, धावताना’ म्हणायला लावलं. ‘तो खाली उतरताना’ इथे थांबून पाहिलं, वाक्य अपुरं. मग क्रियापद नाही. पण म्हणजे कोण? कडवं इथे थांबतं, ते फक्त काय नाही ते सांगतं. एका मुलाने ‘घाबरला’ला प्रश्न विचारला, कधी घाबरला? उतरताना. म्हणजे क्रियेविषयी सांगणारा शब्द. धातूपासून झालेलं क्रियाविशेषण. एका कडव्याने दार बंद केलं की दुसऱ्याकडे जायचं, हे त्यांना आपसूक सुचलं. शिक्षकांच्या प्रतीत या वाक्याची फोड पुरी द्यायची.

‘पण’ आणि ‘अरे’ला अर्धा मिनिटही लागला नाही.

१२ जुलै

छपाईची प्रत तयार केली. क्रम: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. क्रियाविशेषण आणि शब्दयोगी समोरासमोरच्या पानांवर, मध्ये घडी. चेंडू-कपाटाची जोडी दोन्ही पानांवर अर्धी अर्धी, म्हणजे पान उघडलं की वाक्यं आपोआप शेजारी येतात.

शेवटच्या पानावर एक शोध दिला आहे: याच कडव्यांतले शब्द ओळखा. ‘नामाविना’तला विना, ‘आधी घर’मधला आधी, ‘मध्ये कोणीतरी’तला मध्ये, ‘वाक्यातून’. चौथा जरा फसवा आहे. ‘ऊन’ हा पंचमीचा प्रत्यय, पण ‘वाक्यातून’ म्हणजे वाक्य, आत आणि ऊन अशी फोड पडते, शब्दयोगीलाच प्रत्यय लागलेला. तो ठेवायचा की काढायचा यावर बाईंचं आणि माझं एकमत नाही. त्या म्हणतात सहावीला जड आहे. मी तूर्त ठेवला आहे, पुढे तारांकित करून.